१,०५० रुपयांची चादर, ७६५ रुपयांचं पेमेंट

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो वरचेवर येतो. सेलर स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट असतो आणि खाली एका ओळीचा प्रश्न असतो: ‘माल एवढ्याचा विकला, मग खात्यात एवढेच कसे?’ त्यावर पटापट उत्तरं येतात. कुणी कमिशनला दोष देतं, कुणी कुरिअरला, कुणी सरकारला. खरं उत्तर मात्र त्याच फोटोत ओळीओळीने लिहिलेलं असतं. ते वाचताना होणारी मोठी गफलत अशी की कापलेला प्रत्येक रुपया गेला आणि खात्यात आलेला प्रत्येक रुपया आपला, असं आपण धरून चालतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. कापलेल्या रकमेतला काही भाग सरकारकडे आपल्याच नावावर पडून असतो, आणि खात्यात आलेल्या रकमेतला काही भाग सरकारचा असू शकतो. या दोन रकमा वेगळ्या काढता आल्या की उरतो तो आपला खरा हिशेब.

त्यासाठी एकच ऑर्डर घेऊ आणि ती शेवटपर्यंत नेऊ. सोलापुरातला एक जीएसटी नोंदणी असलेला विक्रेता सोलापुरी चादर ऑनलाइन विकतो. छापील किंमत काहीही असो, ग्राहकाने मोजले १,०५० रुपये, करासहित. ग्राहक बेंगळुरूचा आहे. ऑर्डर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी रवाना झाली आणि पैसे नोव्हेंबरमध्ये आले. कमिशनचे आणि कुरिअरचे दर इथे समजायला सोपे असे घेतले आहेत, कारण ते प्लॅटफॉर्मप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदलतात. कराचे दर मात्र त्या वेळी लागू असलेलेच आहेत. फोटोत दिसतं ते असं:

```
Solapuri Chaddar (Double)     Qty 1
Sale Amount                 1050.00
Commission                  -126.00
Fixed Fee                    -20.00
Shipping Fee                 -90.00
GST on Fees (18%)            -42.48
TCS (IGST 0.5%)               -5.00
TDS (194-O)                   -1.00
Net Payout                   765.52
```

आधी फोटो पुरा आहे का ते बघा

आकड्यांचा अर्थ लावण्याआधी फोटोची तपासणी करावी लागते, कारण स्टेटमेंट मोबाईलच्या पडद्यापेक्षा रुंद असतं. उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर राहतात आणि स्क्रीनशॉटमध्ये येत नाहीत. नेमके तिथेच टीसीएस आणि टीडीएसचे रकाने असतात. दुसरी अडचण वजा चिन्हाची. काही स्टेटमेंटमध्ये वजा रक्कम कंसात लिहितात, काहींमध्ये फक्त लाल रंगात. लाल रंगातल्या स्टेटमेंटची काळीपांढरी प्रिंट काढली की कापलेली रक्कम आणि परत जमा झालेली रक्कम सारखीच दिसते. तिसरी अडचण व्हॉट्सअॅपची. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ६ चा ८ व्हायला वेळ लागत नाही. फोटो सीएकडे पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, आणि त्यात वरची तारखांची ओळ व सेटलमेंटचा क्रमांक आलाच पाहिजे.

फोटो खरा वाचला गेला की नाही हे मात्र बेरजेनेच कळतं. विक्रीच्या रकमेतून एकेक ओळ वजा करत खाली या. आपल्या उदाहरणात १,०५० मधून १२६, २०, ९०, ४२.४८, ५ आणि १ गेले की ७६५.५२ उरतात, म्हणजे फोटो पुरा आहे. समजा शेवटची टीडीएसची ओळ कापली गेली असती, तर बेरीज ७६६.५२ आली असती. एक रुपयाचा फरक कुठून आला याचा शोध घेतला की हरवलेली ओळ सापडते.

चुकीचा वाचलेला आकडाही असाच पकडता येतो. समजा अंधुक फोटोत कुरिअरचे ९० रुपये ८० वाटले. बेरीज दहा रुपयांनी चुकेल, पण चूक कोणत्या ओळीत आहे हे त्यावरून कळणार नाही. मग जीएसटीच्या ओळीकडे वळा. १२६, २० आणि ८० यांची बेरीज २२६, त्याचे १८ टक्के ४०.६८. फोटोत तर ४२.४८ आहे. ४२.४८ ला ०.१८ ने भागलं की २३६ येतात. म्हणजे तिन्ही शुल्कांची बेरीज २३६ असायला हवी, आणि चूक या तीन ओळींतच आहे.

कायमचे गेलेले पैसे

कमिशन, ठरावीक शुल्क आणि कुरिअरचा आकार या तीन ओळी खऱ्या खर्चाच्या आहेत. हे पैसे परत येत नाहीत. नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात. एका प्लॅटफॉर्मवर ज्याला `Commission` म्हणतात त्याला दुसरीकडे `Referral Fee` म्हणतात, आणि ठरावीक शुल्काला कुठे `Fixed Fee` तर कुठे `Closing Fee` म्हणतात. ओळीचं नाव काहीही असो, प्लॅटफॉर्मने दिलेल्या सेवेचा तो मोबदला असतो.

कमिशन वाचताना एक गोष्ट बघून ठेवावी. ते बहुधा ग्राहकाने मोजलेल्या पूर्ण रकमेवर, म्हणजे जीएसटी धरून, लावलेलं असतं. आपल्या उदाहरणात १२ टक्के दर १,०५० वर लागला आणि १२६ रुपये झाले. विक्रेत्याची स्वतःची विक्री करापूर्वीची, म्हणजे १,००० रुपयांची आहे. तिच्याशी तुलना केली तर हे कमिशन १२.६ टक्के पडतं. दरपत्रकावरचा १२ टक्के आणि आपल्या वहीतला १२.६ टक्के हे दोन्ही खरे आहेत. किंमत ठरवताना वहीतला धरायचा.

कुरिअरच्या ओळीवर जरा जास्त थांबायला हवं, कारण विक्रेत्याच्या हातात सर्वांत जास्त असलेली ओळ हीच आहे. पार्सलचा आकार दोन वजनांवरून ठरतो. एक काट्यावरचं वजन, आणि दुसरं आकारमानाचं वजन. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५,००० ने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं. दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर पैसे लागतात. आपली चादर काट्यावर १.९ किलो भरते. ती नीट दाबून ४० × ३० × १० सेंटिमीटरच्या पुड्यात बसवली तर आकारमानाचं वजन २.४ किलो होतं. तीच चादर सैल घडी घालून २० सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात टाकली तर ते ४.८ किलो होतं. चादर तीच, काट्यावरचं वजन तेच, पण पैसे दुप्पट वजनाचे. कुरिअरवाला जास्तीची जागा अडल्याचे पैसे घेतो, आणि गोधडी, उशा, दिवे, टोपल्या असा फुगीर माल विकणाऱ्यांना त्याचा फटका सगळ्यांत जास्त बसतो.

म्हणून स्टेटमेंटमध्ये एकाच मालाच्या अनेक ऑर्डरी एकाखाली एक ठेवून कुरिअरची रक्कम बघावी. अंतराप्रमाणे स्थानिक, विभागीय आणि देशभर असे दर वेगळे असतात, त्यामुळे सोलापूर ते पुणे आणि सोलापूर ते गुवाहाटी यांत फरक असणारच. पण बेंगळुरूच्याच दोन पार्सलांपैकी एकाला ९० आणि दुसऱ्याला १५० लागले असतील, तर मधल्या गोदामात पार्सलचं वजन वेगळं नोंदलं गेलं आहे. अशा वेळी तक्रार करण्याची सोय बहुतेक प्लॅटफॉर्मवर असते, पण ती ठरावीक दिवसांतच करावी लागते आणि पुरावा लागतो. पार्सल काट्यावर ठेवलेला आणि तिन्ही बाजूंना टेप लावलेला फोटो, ज्यात लेबलवरचा ऑर्डर क्रमांक वाचता येतो, हा तो पुरावा. तो रवाना करतानाच काढून ठेवायचा; नंतर पार्सल हातात नसतं.

परत मिळणारे पैसे

आता खालच्या तीन ओळी: शुल्कांवरचा जीएसटी, टीसीएस आणि टीडीएस. तिन्ही कापलेल्या दिसतात, पण तिन्हींचा परतीचा रस्ता वेगळा आहे. लोक चुकतात ते इथे, कारण ते तिन्ही एकाच ठिकाणी शोधतात.

शुल्कांवरचा जीएसटी हा प्लॅटफॉर्मने आपल्याला विकलेल्या सेवेवरचा कर. २३६ रुपयांच्या सेवेवर १८ टक्के म्हणजे ४२.४८ रुपये. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या विक्रेत्याला याचं क्रेडिट मिळतं. मात्र ते स्टेटमेंटच्या जोरावर मिळत नाही. प्लॅटफॉर्म कमिशनचं वेगळं टॅक्स इन्व्हॉइस काढतो, त्यावर आपला जीएसटी क्रमांक असावा लागतो, आणि ते इन्व्हॉइस आपल्या GSTR-2B मध्ये दिसावं लागतं. दर महिन्याला स्टेटमेंटमधली ही ओळ आणि GSTR-2B मधली रक्कम शेजारी ठेवावी. फरक असेल तर बहुधा परताव्याच्या मालाची क्रेडिट नोट मध्ये आलेली असते किंवा एखादं इन्व्हॉइस पुढच्या महिन्यात गेलेलं असतं.

टीसीएस म्हणजे उगमस्थानी गोळा केलेला कर. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे प्लॅटफॉर्मला विक्रेत्याच्या करपात्र विक्रीवर हा कर गोळा करून सरकारकडे जमा करावा लागतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून तो १ टक्का होता. १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का झाला. तो करापूर्वीच्या किमतीवर लागतो, म्हणून आपल्या ओळीत १,००० चा अर्धा टक्का, ५ रुपये आहेत. करासहित किमतीतून करापूर्वीची किंमत काढताना १,०५० चे ५ टक्के काढून वजा करू नयेत. १,०५० ला १०५ ने भागून १०० ने गुणावं, म्हणजे नेमके १,००० येतात.

ग्राहक राज्याबाहेरचा असेल तर ही रक्कम आयजीएसटीच्या एका रकान्यात दिसते. ग्राहक पुण्याचा असता तर ती २.५० सीजीएसटी आणि २.५० एसजीएसटी अशी दोन रकान्यांत विभागली असती. फोटोत त्यातला एकच रकाना आला तर टीसीएस पाव टक्काच कापला असं वाटतं.

हे पाच रुपये इनपुट क्रेडिटमध्ये कधीच सापडत नाहीत, आणि शोधणारे नेमके तिथेच शोधतात. प्लॅटफॉर्म दर महिन्याचा टीसीएस पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत GSTR-8 या विवरणात भरतो. त्यानंतर तो जीएसटी पोर्टलवर `TDS and TCS Credit Received` या चौकटीत दिसू लागतो. तिथे ती नोंद आपण स्वतः स्वीकारायची आणि फाइल करायची. मगच ती आपल्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या रोख खात्यात जमा होते. तिथून ती कर भरायला वापरता येते आणि उरली तर परतावा मागता येतो. हे बटण न दाबल्यामुळे कित्येक लहान विक्रेत्यांचे पैसे महिनोन्महिने तिथेच पडून राहतात.

टीडीएस हा आयकराचा विषय आहे, जीएसटीचा नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम 194-O १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं. दर आधी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का आहे, म्हणून आपल्या ओळीत १ रुपया. हा पैसा फॉर्म 26AS मध्ये दिसतो आणि वर्षाच्या आयकर विवरणपत्रात वळता होतो. एखाद्या व्यक्तीची वर्षातली त्या प्लॅटफॉर्मवरची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर हा टीडीएस कापलाच जात नाही. उलट या ओळीत ५ टक्के कापलेले दिसले तर आपला पॅन प्लॅटफॉर्मकडे नीट नोंदलेला नाही, असं समजून लगेच तो तपासावा.

परतीचे हे रस्ते सगळ्यांना खुले नसतात, हेही लक्षात ठेवायला हवं. कंपोझिशन योजनेतल्या विक्रेत्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही; त्याच्यासाठी ते ४२.४८ रुपये हा सरळ खर्च आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांनाही आपल्या राज्यापुरता माल ऑनलाइन विकता येतो. त्यांच्या स्टेटमेंटमध्ये टीसीएसची ओळ नसते, पण शुल्कांवरचा जीएसटी असतो आणि तो त्यांना परत मिळत नाही. त्याचप्रमाणे छापील पुस्तकांसारख्या करमुक्त मालावर टीसीएस नसतो, कारण तो फक्त करपात्र विक्रीवर आहे.

खात्यात आलेले, पण आपले नसलेले पैसे

ग्राहकाच्या १,०५० रुपयांत ५० रुपये जीएसटी होता. प्लॅटफॉर्मने तो वेगळा काढून सरकारला भरला असेल असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं. चादर विक्रेत्याने विकली, इन्व्हॉइस विक्रेत्याच्या नावावर निघालं, म्हणून तो ५० रुपयांचा कर विक्रेत्यानेच भरायचा. टीसीएस म्हणून घेतलेले ५ रुपये हे त्यासाठी आधीच बाजूला काढलेले पैसे आहेत.

मग ७६५.५२ मधले आपले किती? ५० रुपयांच्या करातून शुल्कांवरच्या जीएसटीचं ४२.४८ क्रेडिट वजा करू, ७.५२ उरतात. त्यातून रोख खात्यातले टीसीएसचे ५ वजा करू, २.५२ उरतात. एवढे खिशातून भरायचे. ७६५.५२ मधून २.५२ गेले, ७६३ राहिले. आयकराच्या वेळी टीडीएसचा १ रुपया परत धरला की ७६४. आता दुसऱ्या बाजूने बघा: करापूर्वीची विक्री १,०००, त्यातून कायमचे गेलेले २३६ वजा केले की ७६४. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं, म्हणजे हिशेब जुळला. दर ऑर्डरीला एवढा लांबचा फेरा मारायची गरज नाही. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याने करापूर्वीच्या विक्रीतून तीन शुल्कं वजा केली की पुरे.

इथे पेमेंट आणि मिळकत यांत दोनच रुपयांचा फरक आला, त्यावरून तो नेहमी किरकोळच असतो असं मानू नये. १८ टक्के जीएसटीचा माल विकणाऱ्याच्या खात्यात आलेल्या रकमेत कराचा वाटा मोठा असतो, आणि तो आपला समजून खर्च केला की महिन्याच्या २० तारखेला GSTR-3B भरताना अंगावर येतो.

याहून महाग चूक म्हणजे विवरणपत्रात नेट पेमेंटलाच विक्री म्हणून दाखवणं. वरच्या ऑर्डरीची विक्री १,००० रुपये आहे, ७६५ नाही. प्लॅटफॉर्मने GSTR-8 मधून जीएसटी विभागाला आणि टीडीएसच्या विवरणातून आयकर विभागाला विक्रीचा पूर्ण आकडा कळवलेला असतो. विक्रेत्याने कमी दाखवला की फरक आपोआप समोर येतो आणि नोटीस येते. विक्री पूर्ण दाखवायची आणि कमिशन, कुरिअर खर्चाच्या बाजूला लिहायचे, ही बरोबर पद्धत.

तारखेचीही अशीच गल्लत होते. आपली चादर ३० ऑक्टोबरला गेली, इन्व्हॉइस ऑक्टोबरचं, पैसे मात्र नोव्हेंबरच्या स्टेटमेंटमध्ये आले. जीएसटीच्या दृष्टीने ही ऑक्टोबरची विक्री आहे आणि तिचा टीसीएसही ऑक्टोबरच्या नोंदीत असतो. म्हणून नोव्हेंबरमध्ये आलेल्या सगळ्या पेमेंटची बेरीज करून ती त्या महिन्याच्या टीसीएसशी जुळवायला बसलं तर ती जुळत नाही. पैसे जुळवायचे ते बँकेशी, सेटलमेंटच्या यूटीआर क्रमांकावरून. कर जुळवायचा तो इन्व्हॉइसच्या तारखेवरून.

रिटर्न आलेली ऑर्डर

स्टेटमेंटमध्ये मधूनच एक ऑर्डर उलट्या चिन्हांनी येते. विक्रीची रक्कम वजा, कमिशन अधिक, टीसीएसही अधिक, कारण टीसीएस हा परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवरच लागतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं मूळपदावर आलं. पण कुरिअरची ओळ बघा. जातानाचे ९० रुपये बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत, आणि येतानाच्या फेरीचे वेगळे लागतात. ते ११० धरू. चादर पुन्हा बांधायला २५ रुपये. म्हणजे चादर धडधाकट परत आली तरी २२५ रुपये गेले, आणि विक्री शून्य.

हे २२५ रुपये त्या एका ऑर्डरीच्या नावावर टाकून मोकळं होता येत नाही. ते बाकीच्या विकल्या गेलेल्या चादरींनी भरून काढायचे असतात. किती चादरींनी, हे बघायला आपल्या ७६४ रुपयांपुढे जावं लागेल. चादर करापूर्वी ६०० रुपयांना घेतली आणि बांधणीचे २५ लागले, तर एका चादरीमागे १३९ रुपये उरतात. म्हणजे एक रिटर्न दीड चादरीहून जास्त नफा खाते. दहा ऑर्डरींपैकी एक परत आली, तर नऊ चादरींचे १,२५१ रुपये येतात, त्यातून २२५ जातात आणि हातात १,०२६ राहतात.

आता सणाच्या सेलमध्ये प्लॅटफॉर्म दहा टक्के सूट द्यायला सुचवतो. ग्राहकाची किंमत ९४५ रुपये होते, करापूर्वीची विक्री ९००. कमिशन ११३.४० होतं, पण ठरावीक शुल्क आणि कुरिअर तेवढेच राहतात, कारण ते किमतीवर ठरत नाहीत. तिन्ही मिळून २२३.४०. उरले ६७६.६०, त्यातून ६२५ गेले आणि एका चादरीमागे ५१.६० राहिले. दहातली एक परत येण्याचं प्रमाण तेच धरलं, तर नऊ चादरींचे ४६४.४० येतात, २२५ जातात, आणि दहा ऑर्डरींच्या कष्टानंतर २३९.४० रुपये हाती लागतात. सूट दहा टक्क्यांची दिली, नफा चौथाईच्याही खाली गेला. सेलमध्ये विक्री चौपटीने वाढणार असेल तरच तो आधीच्या पातळीजवळ येईल, आणि वाढलेल्या ऑर्डरींबरोबर रिटर्नही वाढल्या तर तोही येणार नाही. तेव्हा सेलच्या निमंत्रणाला होकार देण्याआधी आपल्या शेवटच्या स्टेटमेंटमधली कुरिअरची आणि रिटर्नची ओळ काढून हा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून बघावा. पुडा दहा सेंटिमीटरवर आणणं जमत असेल तर सूट पेलेल. नसेल तर जुन्या किमतीला थोड्या चादरी विकणंच परवडतं.